रिव्हर्स मॉर्गेज घेतलं तर महिन्याला किती येतात, कर्ज कसं वाढतं आणि शेवटी मुलांना घराचं काय मिळतं

घर स्वतःचं, ८० लाखांचं, पण पेन्शन नाही आणि एफडीचं व्याज औषधांतच संपतंय. अशी बरीच जोडपी आहेत, आणि त्यांना कुणीतरी सांगतं की रिव्हर्स मॉर्गेज घ्या, घर गहाण ठेवलं की बँक दर महिन्याला पैसे देते, परत काही भरायचं नाही. ऐकायला मस्त आहे आणि बऱ्यापैकी खरंही आहे. पण "परत काही भरायचं नाही" ह्याचा अर्थ "तुम्ही हयात आहात आणि त्या घरात राहताय तोपर्यंत काही भरायचं नाही" एवढाच आहे. नंतर कुणीतरी भरणारच, आणि ते कुणी, किती, कधी आणि कशातून हे आधी माहीत असलं तर पुढे भावाबहिणीत भांडणं होत नाहीत. म्हणून इथे मी एकच केस आकड्यांसकट शेवटपर्यंत नेतो, पहिल्या हप्त्यापासून ते मुलांच्या हातात काय उरतं तिथपर्यंत.

आपल्याकडे ही योजना २००७-०८ च्या केंद्रीय बजेटमध्ये जाहीर झाली आणि नॅशनल हाउसिंग बँकेने त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामुळे ढाचा सगळ्या बँकांचा साधारण सारखाच असतो. व्याजदर, फी, घराच्या किमतीच्या किती टक्के देणार आणि जास्तीत जास्त रक्कम, हे मात्र प्रत्येक बँक आपापलं ठरवते. सगळ्या शाखांमध्ये ह्याची माहिती असलेला माणूस मिळेलच असं नाही, काउंटरवर विचारलं तर कधी कधी "ते होम लोन ना?" असं उत्तर येतं. तेव्हा सरळ लोन डिपार्टमेंटला किंवा त्यांच्या मोठ्या ऑफिसला जायचं.

आधी बघा, तुमचं घर ह्यात बसतं का

वयाची अट ६० पूर्ण. नवरा-बायको मिळून घेत असतील तर एकाचं वय ६० च्या वर आणि दुसऱ्याचं ५५ पेक्षा कमी नको. घर स्वतः घेतलेलं आणि स्वतः राहत असलेलं पाहिजे, टायटल क्लिअर पाहिजे, त्यावर दुसरं कर्ज नको, आणि बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य निदान २० वर्षं तरी पाहिजे. लोक अडकतात ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे वडिलोपार्जित घर, ज्यात भावांचा हिस्सा अजून वेगळा झालेला नाही, ते चालत नाही, कागदावर नुसतं तुमचं नाव पुढे आहे म्हणून काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे जुनी बिल्डिंग, ज्याला इंजिनिअर २० वर्षं द्यायला तयार नाही. ही दोन उत्तरं आधी घेऊन मग बँकेत गेलं तर प्रोसेसिंग फी आणि व्हॅल्युएशनचा खर्च वाया जात नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. नवरा-बायको दोघांनी कर्जदार व्हायचं. फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर असतो आणि काकू म्हणतात "मला काय करायचंय सह्या करून", तेव्हा त्यांना समजावून बसवा. कर्ज वसूल करायची वेळ येते ती शेवटचा हयात कर्जदार गेल्यावर. काकू कर्जदारच नसतील तर काका गेल्यावर बँकेच्या लेखी शेवटचा कर्जदार गेला आणि घड्याळ सुरू झालं, काकू त्या घरात बसलेल्या असतानाच. ही एक सही पुढची बरीच वर्षं वाचवते. फ्लॅटवर दोघांची नावं नसतील तर काकूंना कर्जदार म्हणून घ्यायला कागदावर काय करावं लागेल ते त्याच बँकेला विचारून आधी करून घ्या.

महिन्याचे पैसे ठरतात कसे

आता केस घेऊ. काका ६८ चे, काकू ६४ च्या. फ्लॅटची किंमत बँकेच्या व्हॅल्युअरने ८० लाख धरली. बँक म्हणाली आम्ही ६० टक्के धरतो, म्हणजे ४८ लाख. व्याज १० टक्के, मुदत १५ वर्षं. (हे आकडे मी हिशोबासाठी घेतलेत, तुमच्या बँकेचे वेगळे येतील.)

इथे जवळपास प्रत्येकजण चुकीचं समजतो. ४८ लाख म्हणजे ४८ लाख हातात येणार असं नाही. ४८ लाख म्हणजे १५ वर्षांच्या शेवटी तुम्हाला दिलेले सगळे हप्ते आणि त्यावर चढलेलं सगळं व्याज मिळून कर्ज जिथे पोहोचेल तो आकडा. बँक उलटा हिशोब करते, की शेवटी ४८ लाख व्हायचे असतील तर दर महिन्याला किती द्यायचे? आरडीचं जसं असतं, दर महिन्याला ठराविक रक्कम टाकत गेलात की व्याज धरून शेवटी अमुक होतात, तसंच, फक्त इथे टाकणारी बँक आहे आणि साठणारी रक्कम तुमच्या डोक्यावरचं कर्ज आहे.

ह्या आकड्यांनी महिन्याला साधारण ११,५८० रुपये येतात. १५ वर्षांत एकूण हातात पडतात २० लाख ८५ हजाराच्या आसपास, आणि बाकीचे २७ लाख हे व्याज. म्हणजे कर्जाच्या अर्ध्याहून जास्त भाग तुम्ही कधी बघितलेलाच नसतो. हे फसवणूक वगैरे नाही, चक्रवाढ व्याजाचं गणितच तसं आहे, पण आधी कळलेलं बरं.

मुदत हे इथलं खरं हत्यार आहे. तेच ४८ लाख, तेच १० टक्के, पण मुदत १० वर्षं केली तर महिन्याला साधारण २३,४०० येतात, आणि २० वर्षं केली तर ६,३०० च्या आसपास. एवढा फरक. साहजिकच मोह होतो की १० वर्षंच घेऊया, दुप्पट पैसे येतात. पण मुदत संपल्यावर पैसे यायचे थांबतात. घरातून कुणी काढत नाही, राहायचा हक्क तसाच राहतो, पण खात्यात येणं बंद. काका तेव्हा ७८ चे आणि काकू ७४ च्या असतील, आणि खर्च तर त्या वयात वाढलेला असतो. म्हणून मी सांगतो की मुदत ठरवताना जोडप्यातल्या लहान माणसाच्या वयाकडे बघा. काकू ६४ च्या आहेत, त्यांच्या घराण्यात बायका ८५-९० पर्यंत जगत असतील तर १५ वर्षांची मुदत त्यांना ७९ व्या वर्षी रिकामं सोडते.

मार्गदर्शक तत्त्वांनुसार मासिक रकमेला ५०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे कोट्यवधींचा बंगला असला म्हणून लाख रुपये महिना येणार नाहीत. मुदतही नेहमीच्या प्रकारात जास्तीत जास्त २० वर्षं.

महिन्याऐवजी तिमाही, सहामाही, वार्षिक घेता येतात, किंवा गरजेप्रमाणे उचलायची सोयही असते. एकरकमीही मिळते, पण एकूण पात्र रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि त्यातही १५ लाखांची मर्यादा, आणि ती स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा अवलंबून असलेल्यांच्या उपचारांसाठीच. आता एकरकमीची किंमत बघा, कारण हे कुणी सांगत नाही. काकांनी सुरुवातीलाच ऑपरेशनसाठी ५ लाख घेतले. ते ५ लाख १५ वर्षांत १० टक्क्याने साधारण २२ लाख २७ हजार होतात. मग ४८ मधून तेवढे गेले की महिन्याच्या हप्त्यांसाठी उरले पावणेसव्वीस लाखांच्या आसपास, आणि हप्ता ११,५८० वरून ६,२०० वर आला. पाच लाखांत हप्ता जवळपास अर्धा झाला! तेव्हा मेडिक्लेम चालू असेल तर आधी तो वापरा, आणि एकरकमी खरोखर लागेल तेवढीच आणि शक्य तितकी उशिरा उचला, कारण पैसा जेवढा लवकर घेतला तेवढी व्याजाला जास्त वर्षं मिळतात.

दुसरा एक प्रकार आहे ज्यात बँक तुमच्या वतीने विमा कंपनीकडून अॅन्युइटी घेते आणि मग तुम्हाला आयुष्यभर पैसे येतात, १५-२० वर्षांनी थांबत नाहीत. ऐकायला हा चांगला वाटतो आणि एकट्या राहणाऱ्या बाईसाठी तर मला तो जास्त योग्य वाटतो. पण त्यात बँकेने विमा कंपनीला मोठी रक्कम पहिल्याच दिवशी दिलेली असते, त्यामुळे व्याज पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेवर चढतं आणि कर्ज नेहमीच्या प्रकारापेक्षा फार लवकर फुगतं. मुलांसाठी काही उरावं ही इच्छा असेल तर हे लक्षात ठेवा. हा देणाऱ्या बँकाही कमी आहेत.

टॅक्सचं सांगायचं तर हप्ता म्हणून येणारी रक्कम उत्पन्न धरत नाहीत, ती कर्जाचीच रक्कम आहे, आणि घर गहाण ठेवणं म्हणजे विकणं पण धरत नाहीत. २००८ मध्येच हे कायद्यात स्पष्ट केलं गेलं. टॅक्स लागतो तो पुढे घर विकताना, ते खाली येतं.

कागदपत्रं आणि बँकेतले टप्पे

क्रम साधारण असा. अर्ज, वयाचे आणि ओळखीचे पुरावे, खरेदीखत, आधीच्या मालकांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, मालमत्ता कराच्या पावत्या. मग बँकेचा वकील टायटल सर्च करतो, बँकेचा व्हॅल्युअर येऊन घर बघतो. व्हॅल्युअर बाजारभावापेक्षा थोडी कमी किंमत लावतो हे गृहीत धरा. दलाल सांगतो ती किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत ह्यात फरक असतोच, आणि हप्ता व्हॅल्युअरच्या किमतीवर ठरतो.

मग येतं सँक्शन लेटर, आणि हे घाईत सही करायचं कागद नाही. घरी न्या, मुलगा किंवा मुलगी किंवा ओळखीचा कुणी बँकवाला असेल त्याच्याबरोबर बसून वाचा. व्याजदर फिक्स्ड आहे की फ्लोटिंग, फ्लोटिंग असेल आणि दर वाढला तर हप्ता कमी होणार का मुदत, पुनर्मूल्यांकन कधी (निदान ५ वर्षांनी एकदा करायचं असतं, घराची किंमत वाढली तर हप्ता वाढू शकतो, त्यासाठी बँक पुन्हा फी लावेल का तेही विचारा), मुदत संपल्यावर व्याज कोणत्या दराने चढत राहणार. हे शेवटचं वाक्य शोधून काढाच.

बहुतेक बँका मृत्युपत्र मागतात, रजिस्टर्ड असलेलं बरं, आणि कर्ज चालू असेपर्यंत दुसरं करणार नाही असं लिहूनही घेतात. ह्याला वैतागू नका, मुलांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. नंतर कोण वारस, कोणाला किती, हा वाद त्याने खूप कमी होतो. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नाही, नॉमिनी फक्त सांभाळणारा, हेही तेव्हाच घरात सगळ्यांना सांगून टाका.

सह्या झाल्यावर ३ दिवसांची मुभा असते, त्या काळात मन बदललं तर रद्द करता येतं. पैसे आले असतील तर तेवढे ३ दिवसांत परत करायचे, व्याज माफ करू शकतात. बरेच लोक हे विसरतात. शुक्रवारी संध्याकाळी सही करून सोमवारी मुलाला फोन करण्यापेक्षा आधीच फोन केलेला बरा, पण तरीही हा हक्क आहे हे माहीत असावं.

चालू असताना काय बिघडू शकतं

पैसे येतात म्हणून घराची जबाबदारी बँकेवर जात नाही. प्रॉपर्टी टॅक्स, सोसायटीचं मेंटेनन्स, घराचा विमा, दुरुस्ती, सगळं तुमच्याकडेच. टॅक्स थकवला, विमा काढला नाही किंवा घराची अवस्था पडकी करून ठेवली तर बँक पूर्ण कर्ज परत मागू शकते, तुम्ही हयात असतानाही. घर भाड्याने दिलं, एक खोली दिली तरी, किंवा मालकीत कुणाचं नाव वाढवलं किंवा त्यावर आणखी कर्ज काढलं, तरी तेच. आणि सलग एक वर्ष त्या घरात राहिला नाहीत तरीही. हा एक वर्षाचा नियम फार त्रास देतो. आजोबा मुलाकडे परदेशात गेले आणि नातवंडांत रमले, आठ महिन्यांचे चौदा महिने झाले, किंवा आजी हॉस्पिटलमधून थेट मुलीकडे राहायला गेल्या आणि घर बंद पडलं. दोन कर्जदारांपैकी एकजण राहत असेल तर ठीक, दोघेही नसतील तर बँकेला लेखी कळवा, कारण आणि परत येण्याचा अंदाज देऊन, आणि पोच घ्या.

रिडेव्हलपमेंट हा आणखी एक खड्डा, आणि आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये तो कधी ना कधी येतोच. बिल्डिंग पाडली तर घर रिकामं करून भाड्याच्या जागेत दोन-तीन वर्षं राहावं लागतं, म्हणजे राहण्याची अट मोडते, शिवाय जे घर गहाण आहे तेच उभं राहत नाही. बँकेची लेखी संमती घेतल्याशिवाय बिल्डरच्या करारावर सही करू नका, आणि नवीन फ्लॅटवर गहाण कसं चालू राहणार हे त्याच पत्रात लिहून घ्या. तुमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा आत्ताच चालू असेल तर मी म्हणेन रिव्हर्स मॉर्गेज थांबवा, आधी ते होऊ द्या.

दरवर्षी बँकेकडून स्टेटमेंट मागून घ्या आणि त्यातली कर्जाची बाकी एका वहीत लिहा. पहिल्या पाच वर्षांत ती साधारण ९ लाखांपर्यंत जाते, त्यात तुम्हाला मिळालेले जेमतेम ७. दहा वर्षांनी बाकी २३ लाख ७२ हजार, मिळालेले १३ लाख ९० हजार. स्टेटमेंटचा आकडा ह्यापेक्षा बराच पुढे गेलेला दिसला तर बहुधा दर वाढलाय किंवा काही फी कर्जात जोडलीये, लगेच विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो. हातात पैसे आले तर कधीही पूर्ण फेडता येतं, दंड नाही.

काका गेल्यावर, आणि नंतर काकू गेल्यावर

समजा १० वर्षांनी काका गेले, तेव्हा ७८ चे. काकू सहकर्जदार आहेत म्हणून काही होत नाही. मृत्यूचा दाखला बँकेला द्यायचा, काकूंच्या खात्यात हप्ता चालू राहतो, काकू तिथेच राहतात. बाकी तेव्हा २३ लाख ७२ हजार.

१५ व्या वर्षी मुदत संपली, हप्ता थांबला, काकू ७९ च्या. बाकी ४८ लाख. इथून पुढे जे होतं ते मुलांना धक्का देणारं असतं, कारण पैसे यायचे थांबले तरी व्याज थांबत नाही, आणि ते आता पूर्ण ४८ लाखांवर चढतंय. काकू आणखी ३ वर्षं जगल्या आणि १८ व्या वर्षी, ८२ व्या वर्षी गेल्या, तर बाकी झाली ६४ लाख ७० हजार. पाच वर्षं जगल्या असत्या तर ७९ लाख झाली असती. हे कुठल्याही माणसाच्या जगण्याचा हिशोब म्हणून वाचू नका, पण कागदावर हे असंच चालतं.

आता १८ व्या वर्षी मुलगा आणि मुलगी बसलेत आणि बँकेचं पत्र आलंय. त्यांच्यापुढे रस्ते तीन. घर ठेवायचं असेल तर ६४.७० लाख आणि तोवर चढलेलं व्याज भरून गहाण सोडवायचं, आणि हा पहिला हक्क वारसांचाच असतो, ती संधी दिल्याशिवाय बँक घर परस्पर विकू शकत नाही. पैसे नसतील तर मुलाने स्वतःच्या उत्पन्नावर होम लोन काढून ही बाकी भरायची, घर त्याचं आणि बहिणीचा हिस्सा त्याने तिला द्यायचा, असं जमतं. दुसरा रस्ता, वारसांनी स्वतः ग्राहक शोधून घर विकायचं, बँकेची बाकी त्या पैशातून फेडायची आणि उरलेले वाटून घ्यायचे. तिसरा, काहीच केलं नाही तर बँक विकते, बाकी वसूल करते, आणि उरलं तर ते वारसांना परत करते. बँकेने विकलेल्या घराला सहसा चांगली किंमत येत नाही, तेव्हा दुसरा रस्ता जवळपास नेहमीच फायद्याचा.

वेळ किती? मार्गदर्शक तत्त्वांत विक्रीसाठी साधारण दोन महिन्यांपर्यंतची वाजवी मुदत सांगितली आहे. दोन महिन्यांत मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारस दाखला, सोसायटीत नाव लावणं, ग्राहक शोधणं, त्याचं होम लोन मंजूर होणं, हे सगळं होत नाही, कुणाचंच होत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच बँकेला लेखी कळवायचं की आम्ही वारस आहोत, घर विकून बाकी फेडतोय, फेडायच्या अचूक रकमेचं पत्र द्या आणि मुदत वाढवून द्या. गप्प बसणाऱ्या वारसांपेक्षा लिहून कळवणाऱ्यांना बँक जास्त वेळ देते. आणि भावाबहिणीत वाद असेल तर हा आकडा समोर ठेवा, ६४.७० लाखांवर १० टक्क्याने महिन्याला सुमारे ५४,००० रुपये व्याज चढतं. सहा महिने अबोला म्हणजे सव्वातीन लाख.

किती उरतं हे घराच्या किमतीवर आहे. ८० लाखांचं घर वर्षाला ४ टक्क्याने वाढलं तर १८ वर्षांनी साधारण १ कोटी ६२ लाख, बँकेचे गेले की ९७ लाख उरतात. २ टक्क्यानेच वाढलं तर १ कोटी १४ लाख, म्हणजे उरतात ५० च्या आसपास. आणि बिल्डिंग जुनी होऊन किंमत ८० लाखांवरच अडकली तर १५ लाख. ह्यातून दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि कॅपिटल गेन टॅक्स जायचा. टॅक्ससाठी वारसांना आईवडिलांनी घर ज्या किमतीला घेतलं ती किंमत आणि तेव्हापासूनचा कालावधी धरतात, म्हणून जुनं खरेदीखत जपून ठेवा. आणि आईवडिलांनी काढलेलं हे कर्ज वारसांनी फेडलं तर ती रक्कम हिशोबात कशी धरायची हे विक्रीच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही.

समजा काकू २२ व्या वर्षापर्यंत जगल्या आणि बाकी ९६ लाखांवर गेली पण घर ८० लाखांचंच आहे? वरचे १६ लाख मुलांनी भरायचे नाहीत. कर्जदाराने अटी पाळल्या असतील तर बँकेची वसुली घराच्या विक्रीतून जे निव्वळ हाती येईल तेवढ्यापुरतीच असते, काकूंची एफडी, दागिने किंवा मुलाचा पगार ह्यांना हात लागत नाही. तोटा बँकेचा. बँका मुळात घराच्या किमतीपेक्षा बरंच कमी कर्ज देतात आणि हप्ता इतका छोटा ठेवतात तो ह्याचसाठी. पण "अटी पाळल्या असतील तर" हे शब्द विसरू नका, टॅक्स थकवला असेल किंवा घर चोरून भाड्याने दिलं असेल तर ह्या संरक्षणावर वाद होऊ शकतो.

मुलगा-सून त्याच घरात आईवडिलांबरोबर राहत असतील तर त्यांनी हे जास्त काळजीपूर्वक वाचावं. ते कर्जदार नाहीत, त्यामुळे राहत आलोय म्हणून राहण्याचा हक्क त्यांना मिळत नाही, फेडा नाहीतर घर सोडा एवढेच पर्याय. अशा घरात बऱ्याचदा मुलानेच आईवडिलांना महिन्याला १२,००० दिले तर ते रिव्हर्स मॉर्गेजपेक्षा सगळ्यांना स्वस्त पडतं, कारण १८ वर्षांनी ६४ लाखांची बाकीच उभी राहत नाही. तेवढं जमत नसेल, किंवा मुलं लांब आहेत आणि घराची गरज नाही, किंवा मूलच नाही, तिथे मात्र रिव्हर्स मॉर्गेज सरळ सरळ उपयोगी पडतं.

अर्ज भरायच्या आधी मुलांना एकदा समोर बसवा आणि वरचे तीन आकडे, १० व्या, १५ व्या आणि २० व्या वर्षीची बाकी, तुमच्या स्वतःच्या बँकेच्या दराने काढून त्यांच्यासमोर ठेवा. बँकेला लेखी मागितलं तर ते तक्ता काढून देतात. तो तक्ता, सँक्शन लेटरची प्रत, मृत्युपत्राची प्रत, खरेदीखताची झेरॉक्स आणि विम्याची पॉलिसी एका फाईलमध्ये, आणि ती फाईल कुठल्या कपाटात आहे ते दोन्ही मुलांना माहीत पाहिजे. मूळ कागद बँकेकडे असतात, कर्ज फिटलं की ते आणि गहाण सुटल्याचं पत्र दोन्ही मागून घ्यायचं, आणि गहाणखताची नोंद रजिस्ट्रार ऑफिसमध्ये झाली असेल तर ती तिथूनही काढून घ्यायची, नाहीतर घर विकताना पुढच्या ग्राहकाचा वकील तिथेच अडवतो.